ठेका धरा, गाणे सापडेल

गाणे आठवते, पण ते कोणते, हे आठवत नाही, असा प्रसंग ज्याच्यावर आला नाही असा गृहस्थ विरळाच. चाल जिभेवर असते. मधला एखादा आलापदेखील चोख निघतो. पण शब्द काही केल्या येत नाहीत. मग घरात एकच गोंधळ उडतो. एकजण नटीचे नाव विचारतो, दुसरा सिनेमाचे साल विचारतो, तिसरा स्वतःच्या आवडीचे गाणे म्हणू लागतो आणि त्यामुळे मूळ चालही पुसली जाते! या तपासात जो साक्षीदार सर्वांत भरवशाचा, त्याला मात्र कोणी बोलावीत नाही. तो साक्षीदार म्हणजे आपला पाय. गाणे गुणगुणताना जमिनीवर आपोआप पडणारा पाय, किंवा गुडघ्यावर पडणारा हात म्हणा हवे तर.

शब्द विसरतात, पण लय सहसा विसरत नाही. डॅनियल लेविटिन आणि पेरी कुक या दोघा अभ्यासकांनी १९९६ साली आपले एक निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांनी साध्या, गाणे न शिकलेल्या लोकांना आवडते लोकप्रिय गीत केवळ स्मरणाने म्हणायला लावले आणि त्याची लय मूळ ध्वनिमुद्रिकेशी ताडून पाहिली. शंभरातल्या सुमारे ७२ वेळा म्हणणाऱ्याची लय मूळ लयीपासून शेकडा आठांहून जास्त ढळली नव्हती. समोर तबला नाही, घड्याळ नाही, तरीही! तेव्हा ज्याला आपण ‘काहीच आठवत नाही’ म्हणतो, त्याच्या पोटातही गाण्याची चाल आणि चालणे दोन्ही शाबूत असतात. आता प्रश्न एवढाच, की त्या चालण्यातून काम कसे काढून घ्यायचे?

येथे एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. ठेका मोजून गाणे ‘ओळखता’ येत नाही. ठेका मोजून गाणी ‘वगळता’ येतात. घरातल्या चौघांनी चार गाणी सुचवली असतील, तर त्यांतली कोणती असणे शक्यच नाही, एवढे हा साक्षीदार सांगतो. पण तेवढे तो मोठ्या खात्रीने सांगतो.

आधी घराणे, मग ताल

हात धरला की पहिली अडचण उभी राहते ती ही, की हात नेमका कशावर पडतो आहे? एकच गाणे एकजण जलद टिचक्या मारून मोजतो, दुसरा संथपणे पाय आपटून मोजतो. एकाचे सोळा होतात, दुसऱ्याचे आठ, तिसऱ्याचे चार. तिघेही बरोबर असतात! माणसाचा हात सोयीची चाल पसंत करतो, साधारणपणे मिनिटाला शंभर-सव्वाशे ठोक्यांच्या आसपास. गाणे फार जलद असेल तर तो एक आड एक ठोका सोडतो. फार संथ असेल तर मध्ये एक जास्तीचा भरतो. म्हणून चार, आठ आणि सोळा यांच्यात पहिल्याच फटक्याला निवाडा करण्याच्या भानगडीत पडू नये. ते एकाच घराण्यातले मानावेत. केरवा आणि त्रिताल हे दोघे या चाराच्या घराण्यातले. तीन, सहा, बारा हे दुसरे घराणे, दादरा त्यातला. पाच आणि दहा हे तिसरे, झपताल त्यातला. सात आणि चौदा हे चौथे. रूपक आणि दीपचंदी त्यातले. आपल्याला पहिल्या बैठकीत फक्त घराणे ठरवायचे आहे.

विलायती गाणे असले तरी रीत हीच. त्यांच्या कागदावर गाण्याच्या सुरुवातीला एकाखाली एक असे दोन आकडे लिहिलेले असतात. वरचा आकडा एका आवर्तनात किती ठोके ते सांगतो. खालचा, त्या ठोक्यासाठी लिपीतले कोणते चिन्ह वापरले ते सांगतो. हाताने टिचकी मारून आपल्याला वरच्या आकड्याचा माग लागतो. खालचा आकडा ही लिहिणाराची सोय. तो कानाला ऐकू येत नाही, आणि गाणे शोधायला त्याची गरजही पडत नाही.

वाढदिवसाचे गाणे घ्या

आता मोजायचे कसे ते एका अशा गाण्यावर पाहू, जे आबालवृद्धांना येते. ‘हॅपी बर्थडे टू यू.’ केक कापताना सगळे जे कोरसात म्हणतात ते. हे तीनाच्या घराण्यातले गाणे आहे. पण गंमत अशी, की पहिल्याच शब्दापासून मोजायला लागलात तर गाडी रुळावरून घसरते. कारण ‘हॅपी’ हा शब्द समेच्या आधी येतो. तो दाराबाहेरचा पायरीचा दगड आहे. घर सुरू होते ते ‘बर्थ’ या अक्षरावर. गाऊन पाहा. आवाजाचे वजन कोठे पडते? ‘हॅपी’वर नाही, ‘बर्थ’वर.

तेव्हा ‘बर्थ’वर एक म्हणा. ‘डे’ला दोन, ‘टू’ला तीन, ‘यू’ लांबतो म्हणून त्याला चार आणि पाच, आणि पुढच्या ओळीच्या ‘हॅपी’ला सहा. पुन्हा ‘बर्थ’ आला की पुन्हा एक. म्हणजे वजनापासून वजनापर्यंत सहा ठोके झाले. सहाला चाराने भाग जात नाही, तेव्हा केरव्याचे घराणे बाद. आता सहा म्हणजे तीन-तीनाचे दोन गट की दोन-दोनाचे तीन? दुसरे वजन कोठे पडते ते पाहा. ते ‘यू’वर पडते, म्हणजे चौथ्या ठोक्यावर. एकावर वजन, चारावर वजन. म्हणजे गट तिनाचे. निकाल लागला.

यातून दोन धडे घ्यायचे. पहिला असा, की मोजणी गाण्याच्या तोंडापासून करू नये, वजनापासून करावी. आपल्याकडे तर हे फारच खरे आहे. त्रितालातल्या कितीतरी बंदिशी खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचलतात, आणि सम येते ती मुखड्याच्या पोटात कोठेतरी. दुसरा धडा असा, की सगळ्या गाण्याची एकूण बेरीज करून तिला भागाकार लावू नये. या वाढदिवसाच्या गाण्याच्या चार ओळींचे ठोके होतात चोवीस. चोवीसाला तिनाने भाग जातो, चाराने जातो, सहाने जातो आणि आठानेही जातो! हा आकडा सगळ्यांचाच मित्र. तो कोणाविरुद्ध साक्ष देत नाही. शिवाय तिसऱ्या ओळीत, ज्याचा वाढदिवस त्याच्या नावापाशी, सगळे हौसेने थांबतात, तेथे मोजणीला अर्थ उरत नाही. थोडक्यात, मोजायचे ते लहान तुकड्यात, एका वजनापासून पुढल्या तशाच वजनापर्यंत.

सुमतीमावशींचे गाणे

हीच रीत वापरून एक हरवलेले गाणे सापडलेले मी पाहिले आहे. आमच्या ओळखीच्या सुमतीमावशींना एक चाल आठवत होती. ती त्यांची नव्हे, त्यांच्या थोरल्या बहिणीची. गिरगावातल्या चाळीत, रेडिओच्या काळात, ताई तांदूळ निवडता निवडता ते गाणे गुणगुणत. ताई गेल्या वर्षी निवर्तल्या. मावशींना ते गाणे एकदा मूळ आवाजात ऐकायचे होते. आणि त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेलेले, तेव्हा चालही रोज थोडी थोडी झिजत चाललेली. शब्द एकही येत नव्हता. ‘जुने आहे, बाईच्या आवाजातले आहे, आणि ताई ते म्हणताना हसत असायची,’ एवढाच काय तो पुरावा.

घरात चार मते झाली. भाचा म्हणाला, ‘मावशी, तू म्हणतेस ते ‘नैना बरसें रिमझिम रिमझिम’ असणार.’ सूनबाईंचा कौल होता ‘नैनों में बदरा छाए’ या गाण्याला. शेजारचे काका म्हणाले, ‘आपकी नज़रों ने समझा.’ आणि धाकट्या जाऊबाईंना वाटत होते, की हे सिनेमाचे गाणे नाहीच, हा दादऱ्यातला कोणतातरी घरगुती पाळणा आहे.

पहिल्या तिन्ही गाण्यांची मौज पाहा. एक १९६४ च्या ‘वह कौन थी’ मधले, दुसरे १९६६ च्या ‘मेरा साया’ मधले, तिसरे १९६२ च्या ‘अनपढ’ मधले. तिघांची गायिका लता मंगेशकर. तिघांचा संगीतकार मदनमोहन. आणि तिघांचा कवीही एकच, राजा मेहदी अली खाँ! म्हणजे आवाजावरून, चालीच्या घाटावरून किंवा शब्दांच्या वळणावरून निवड करायची सोय नाही. पण ठेका वेगळा आहे. ‘नैना बरसें’ आणि ‘नैनों में बदरा’ ही दोन्ही केरव्यातली, आठाची. ‘आपकी नज़रों ने’ हे रूपकातले, साताचे. आणि पाळणा असलाच तर सहाचा. सहा, सात की आठ, एवढा प्रश्न सुटला की तपास जवळजवळ संपला.

मावशींना सांगितले, की शब्द आठवायचा प्रयत्न मुळीच करू नका. नुसत्या ‘ल ल ला’वर मुखडा दोनदा म्हणा, मध्ये थांबू नका, आणि उजवा हात गुडघ्यावर पडेल तसा पडू द्या. हे न थांबण्याचे फार महत्त्वाचे आहे. माणूस अडखळून पुन्हा सुरू करतो तेव्हा मधली विश्रांती गिळून टाकतो, आणि गाण्याचा हिशेब विश्रांतीसकट असतो.

भाच्याने ठोके मोजले. ओळीच्या पहिल्या वजनापासून पुढल्या ओळीच्या तशाच वजनापर्यंत अठ्ठावीस झाले. भाचा आनंदला. ‘अठ्ठावीसाला चाराने भाग जातो, झालं! केरवा. म्हणजे माझं तरी किंवा हिचं तरी.’ अठ्ठावीसाला सहाने भाग जात नाही, तेव्हा पाळणा बाद, हे त्याचे म्हणणे ठीक होते. पण केरव्याचा निकाल त्याने घाईने दिला. अठ्ठावीस म्हणजे चाराची सात आवर्तने, तशीच साताची चार आवर्तने. मघाच्या चोवीसासारखाच हा दुतोंडी आकडा.

मग ओळ अर्ध्यात तोडली. ओळीच्या मध्यावर चाल थोडी टेकून पुन्हा उचलते, आणि आरंभी जसे वजन होते तसेच वजन तेथेही पडते. पहिल्या वजनापासून तेथपर्यंत मोजले तर चौदा. चौदाला चाराने भाग जात नाही. आठाने तर नाहीच. साताने मात्र जातो. शिवाय हेही ध्यानात घ्या, की चाराच्या घराण्यातली गाणी आपल्या ओळी बहुधा दोन, चार किंवा आठ आवर्तनांत नीट बसवतात. चाराची बरोबर सात आवर्तने झालेली ओळ अशक्य नाही, पण ती दिसली की शंका घ्यावी.

ठेक्याचे बोल म्हणून पाहणे

तरी भाच्याचे समाधान होईना. ‘मावशीनं एखादी मात्रा खाल्ली असेल,’ असे तो म्हणाला. शंका रास्त होती. म्हाताऱ्या माणसाची गोष्टच कशाला, कोणीही गुणगुणताना मात्रा खातो. यासाठी दुसरी परीक्षा आहे, आणि ती पहिलीपेक्षा सरस आहे. ती म्हणजे, एकाने चाल गुणगुणायची आणि दुसऱ्याने तिच्याखाली ठेक्याचे बोल म्हणत राहायचे, थांबायचे नाही आणि सांभाळूनही घ्यायचे नाही.

शेजारच्या काकांनी केरव्याचे बोल धरले. ‘धा गे ना ती, न क धी न.’ मावशींच्या पहिल्या वजनाबरोबर त्यांनी ‘धा’ टाकला. पुढचे वजन यायला हवे होते पुन्हा ‘धा’वर. ते आले त्याच्या एक मात्रा आधी, शेवटच्या ‘न’वर. त्यापुढचे वजन आले आणखी एक मात्रा आधी, ‘धी’वर. त्यापुढचे आणखी एक मात्रा आधी, ‘क’वर. दर खेपेला बरोबर एक मात्रा मागे! आता मावशींनी चुकून मात्रा खाल्ली असती तर घसरण एकदाच झाली असती आणि पुढे सगळे पुन्हा समांतर चालले असते. दर आवर्तनाला नेमकी तेवढीच घसरण होते, याचा अर्थ गाणारा चुकत नाही. म्हणणाराचा ठेका एका मात्रेने लांब आहे.

मग दादरा धरून पाहिला. ‘धा धी ना, धा ती ना.’ येथे उलटे झाले. वजन ‘धा’वर येण्याऐवजी एक मात्रा उशिरा आले, मग दोन मात्रा उशिरा, मग तीन. म्हणजे हा ठेका एका मात्रेने आखूड. आठाचा ठेका एकाने लांब, सहाचा एकाने आखूड. मध्ये उरतो कोण ते सांगायला पंचांग नको!

शेवटी रूपक धरला. ‘ती ती ना, धी ना, धी ना.’ चाल आणि बोल चारही आवर्तने हातात हात घालून गेले. येथे एका बारकाव्याकडे लक्ष वेधतो, कारण रूपकात पुष्कळजण गोंधळतात. रूपकाची सम हीच त्याची खाली असते. तबल्यावर डग्ग्याचा घुमार ऐकू येतो तो पहिल्या मात्रेवर नव्हे, तर चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. त्यामुळे नुसत्या घुमाऱ्यावर कान ठेवणारा माणूस चौथ्या मात्रेलाच एक समजून बसतो. आपल्या कामाला त्याने काही बिघडत नाही. ताल शिकायचा असेल तर सम बिनचूक सापडली पाहिजे. पण गाणी वगळायची असतील तर एवढेच पुरे, की दर वेळी मोजणी एकाच ठिकाणापासून सुरू व्हावी. चौथ्यापासून चौथ्यापर्यंत मोजले तरी सातच भरणार.

तिन्ही गाणी सातांत बसत नाहीत, एकच बसते. भाच्याने ‘आपकी नज़रों ने समझा’ लावले. मावशींनी पहिल्याच उचलीला हात वर केला आणि सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. गाणे संपल्यावर म्हणाल्या, ‘हेच. ताई जरा खालच्या पट्टीत म्हणायची.’ आणि मग भाच्याला, ‘पुन्हा लाव रे.’

शब्द आठवत असतील तर

काही वेळा चालीबरोबर दोन-चार शब्दही हाती लागतात. मग एक दुसरा साक्षीदार मिळतो, तो म्हणजे कवितेचे वृत्त. आपल्या माधव जूलियनांनी, म्हणजे मा. त्रिं. पटवर्धनांनी, ‘छंदोरचना’ या ग्रंथात मराठी जातिवृत्तांची अशीच घराणी पाडून ठेवली आहेत. सहा मात्रांच्या आवर्तनाची ती भृंगावर्तनी, आठांची पद्मावर्तनी, सातांची अग्न्यावर्तनी आणि पाचांची हरावर्तनी. ऱ्हस्वाला एक आणि दीर्घाला दोन एवढे ठाऊक असले की घरबसल्या मोजता येते.

वरचेच गाणे घ्या. ‘आपकी नज़’ यात आ दोन, प एक, की दोन, आणि नज़ मिळून दोन, झाले सात. ‘रों ने समझा’ यात रों दोन, ने उर्दूच्या रीतीने ऱ्हस्व म्हणून एक, सम दोन, झा दोन, पुन्हा सात. गाण्याचे नुसते नावच दोन आवर्तने भरते! उलट ‘नैना बरसें रिमझिम रिमझिम’ मोजून पाहा. नैना चार, बरसें चार, रिमझिम चार आणि पुन्हा रिमझिम चार. सोळा, आठाच्या दोन आवर्तनांत चपखल. मराठीतही ‘या जन्मावर या जगण्यावर’ हे मंगेश पाडगावकरांचे गीत घ्या. ‘या जन्मावर’ आठ आणि ‘या जगण्यावर’ आठ. ते गायिले जातेही केरव्यात.

परंतु हा साक्षीदार दुय्यम समजावा. कारण शब्दांचे वृत्त कवीचे असते आणि ताल संगीतकाराचा. साताच्या वृत्तातली गझल घेऊन संगीतकार एखादे दीर्घ अक्षर जरा ओढून धरतो आणि आठात सुखाने बसवतो. असे पुष्कळदा होते. म्हणून वृत्त आणि टिचकी यांच्यात मतभेद झाला, तर चाल तुमच्या कानात आहे तोवर टिचकीवर विश्वास ठेवावा.

जेथे हात फसतो

हाताला फसवणारी एक जागा फार वापरातली आहे, तीही सांगतो. काही गाणी अशी असतात, की पाय तर संथपणे एक-दोन, एक-दोन पडतो, पण प्रत्येक ठोक्याच्या पोटात दोन नव्हे तर तीन बारीक मात्रा असतात. नाताळात म्हटले जाणारे ‘सायलेंट नाइट’ हे गीत तसे आहे. ते १८१८ साली ऑस्ट्रियात प्रथम गायिले गेले आणि सहाच्या मापात लिहिलेले आहे. नुसता पाय मोजणारा त्याला चाराच्या घराण्यात ढकलील. येथे पायाचा ठोका मोजून भागत नाही, ठोक्याच्या पोटात काय आहे ते पाहावे लागते. त्याला उपाय सोपा. दाक्षिणात्य तालवादक तिनाला ‘तकिट’ म्हणतात आणि चाराला ‘तकधिमि’. पाय पडू द्या आणि प्रत्येक ठोक्यात एकदा ‘तकिट’ म्हणून पाहा, मग एकदा ‘तकधिमि’. चालीतली बारीक अक्षरे ज्याच्याबरोबर पडतील ते खरे. दुसरे म्हणताना जीभ आणि चाल यांची ठेचाठेच होते. आपल्या दादऱ्यातली जलद गाणी याच जातीची असल्याने ही परीक्षा नेहमी उपयोगी पडते.

दुसरी फसगत विश्रांतीची. ओळ संपल्यावर तबला एक-दोन मात्रा एकटाच चालतो, आणि गुणगुणणारा माणूस तेवढा वेळ थांबत नाही. त्यामुळे शेवटचे आवर्तन आखूड भरते. म्हणून मोजणी ओळीच्या आरंभीच्या भागावर करावी, शेवटावर करू नये. आणि अडखळ झाली तर ती कोठे होते ते पाहावे. दर खेपेला एकाच अक्षरावर अडखळ होत असेल, तर बहुधा गाण्यातच तेथे काहीतरी आहे. दर खेपेला निराळ्या जागी होत असेल, तर स्मरणशक्ती दमली आहे. चहा घ्यावा आणि मग पुन्हा मोजावे.

तिसरी मर्यादा परीक्षेचीच आहे. मोजून आठ निघाले, तर फारशी गाणी बाद होत नाहीत, कारण आपल्या सिनेमातली आणि भावगीतांतली बहुसंख्य गाणी त्याच घराण्यात नांदतात. सहा निघाले तर बरे. पुष्कळ कचरा निघून जातो. पाच किंवा सात निघाले तर मात्र लॉटरी फुटली म्हणायची, कारण तेथे उमेदवार मूठभरच. आणि जेथे गाण्याचा आरंभ तालाशिवाय, नुसत्या आलापासारखा होतो, तेथे त्या भागावर टिचक्या मारीत बसू नये. तबला जेथे शिरतो तेथून पुढे गुणगुणायला सांगावे.

या दिवाळीत फराळाला चार माणसे जमली आणि असा एखादा हरवलेला मुखडा निघाला, तर आधी सगळ्यांकडून उमेदवार गाण्यांची नावे कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येकासमोर त्याच्या मात्रा मांडा. मग चाल ज्याला येते त्याला दोनदा न थांबता गुणगुणू द्या. वजनापासून वजनापर्यंत मोजा. मोजणी दुतोंडी निघाली तर ओळ अर्ध्यात तोडा. आणि शेवटी दोन-तीन ठेक्यांचे बोल खाली म्हणून पाहा. जो ठेका दर आवर्तनाला घसरतो, त्याच्यासमोरची नावे खोडून टाका. कागदावर जी उरतील, तेवढीच लावून ऐकायची.